मदत हवी आहे: नाव सगळ्यांना माहीत, पण घेताना कुणाला आठवत नाही

कणीकोंडा: थालीपिठाच्या भाजणीचा छोटा ब्रँड आहे. दोन महिने जाहिरात केली. परवा ४० जणींना विचारलं, २६ जणींनी नाव ऐकलंय म्हणून सांगितलं. तरी दुकानदार म्हणतो, कुणी मागतच नाही. पैसे संपत आलेत, लवकर सांगा.

डोंगरवाट: कुठे विकता? जाहिरातीत काय होतं? नेमका प्रश्न काय विचारलात?

आजोळ: आधी ट्रेडमार्क घ्या. माझ्या मेव्हण्याचं नाव दुसऱ्यानेच उचललं होतं.

कणीकोंडा: ट्रेडमार्क आहे हो. कोथरूडची ११ किराणा दुकानं. जाहिरातीत चूल, नऊवारीतली आजी, गावची चव. प्रश्न असा: ‘अमुक भाजणी ऐकली आहे का?’

निळीशाई: नाव तुम्हीच सांगितलंत, मग ओळख पटणारच. दुकानात तिच्या कानात नाव सांगायला कोण असतं? तिच्या डोक्यात असतं, ‘आठ वाजले, पोळ्या लाटायचं त्राण नाही.’ तिथून तुमचं नाव वर यायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या एहरेनबर्ग-बास या मार्केटिंग संशोधन संस्थेच्या जेनी रोमॅन्युक अशा प्रसंगांना कॅटेगरी एन्ट्री पॉइंट म्हणतात. तुमच्या जाहिरातीत आजी आहे, पण थालीपीठ लावायची वेळ कुठेच नाही.

आधी १५ जणींना ब्रँडचं नाव न घेता विचारा: शेवटचं थालीपीठ कधी लावलंत, घरात कोण होतं, त्याआधी काय चाललं होतं? त्यातून सहा-सात प्रसंग निवडा. मग वेगळ्या लोकांना एकेक प्रसंग वाचून दाखवा आणि तिथे कुठल्या भाजण्या आठवतात ते लिहून घ्या. एकाही प्रसंगात तुमचं नाव न घेणाऱ्या जणी जास्त असतील, तर जाहिरात पोचलीच नाही किंवा मनात राहिली नाही. आठवता, पण एकाच प्रसंगात, तर बाकीचे प्रसंग जोडायचे राहिलेत. तुमच्या गिऱ्हाइकांची उत्तरं मात्र वेगळी ठेवा, त्यांना तुम्ही जास्तच आठवणार.

मुळाकाठ: एवढं कशाला? एकच प्रसंग धरा आणि सोडू नका. किटकॅटने ‘ब्रेक’ कित्येक दशकं धरून ठेवलाय.

निळीशाई: पैसे कमी आहेत, तर सुरुवात एकापासून करणं बरोबर. तिथेच थांबलात तर रविवारच्या नाश्त्याला किंवा अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी भाजणी घेणारी तुमच्याकडे वळणार नाही.

डोंगरवाट: आठवण झाली तरी पाकीट दिसायला हवं ना! माझे पापड तेलाच्या डब्यांमागे होते. वरच्या फळीवर आले तेव्हा कुठे खपले. आधी दुकानं फिरा.

निळीशाई: तेही बघाच. पण इथे दुकानदारच सांगतोय की कुणी मागत नाही.

कणीकोंडा: आज नऊ जणींशी बोलले. पाच जणींना भाजणी आईकडून नाहीतर सासूकडून येते! या पाच जणींना यादीतून काढू का?

निळीशाई: काढू नका. आईची भाजणी संपल्यावर पुढची येईपर्यंत काय करता, एवढं विचारून या.

कणीकोंडा: तिघींना विचारलं. दोघी म्हणाल्या, ‘तोवर थालीपीठच लावत नाही.’ मग हा प्रसंग धरायचा की सोडायचा?