क्लेमचा फोन घेताना नोटमध्ये किती लिहायचं?

हेडफोनवाला

मोटर क्लेम डेस्कवर आहे. नव्या टीम लीडरने फतवा काढलाय: ग्राहकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा, मागितलेला प्रत्येक कागद लिहा, दिलेली प्रत्येक मुदत तारीख-वेळेसकट लिहा. पावसाळ्यात फोनची रांग संपत नाही इथे. गाडी नंबर, तारीख, 'पाण्याने नुकसान', गॅरेजचं नाव, एवढं पुरे. बाकीचं सर्व्हेअर गाडी उघडून बघतोच. फोन घेणारा कारकून आहे, फौजदार नाही. कुणाला पटतंय का?

वर्ध्याची

नाही पटत. मीच ती गाडी उघडून बघणारी, म्हणून जरा लांब लिहिते.

इंजिनात पाणी गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर उघडल्यावर रॉड वाकलेला दिसतो, बास. चालत्या गाडीने पाणी ओढलं आणि ती बंद पडली तरी रॉड वाकतो. बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारला तरी वाकतो. लोखंड दोन्हीकडे सारखंच. पैसे मात्र सारखे नाहीत, कारण इंजिन प्रोटेक्ट या जादा कव्हरच्या बऱ्याच वर्डिंगमध्ये पाणी शिरल्यावर चालू करायचा प्रयत्न केला तर वाढलेलं नुकसान बाहेर. नेमकं काय झालं हे मला फक्त पहिल्या फोनवरून कळू शकतं. त्या वेळी माणसाला कुणी शिकवलेलं नसतं. पुढे क्लेम फॉर्म भरला जातो तोवर गॅरेजवाला, एजंट, मेव्हणा असे तिघं त्याला काय लिहायचं ते सांगून गेलेले असतात.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतरची एक फाइल सांगते. गाडी पार्किंगमध्ये उभी, पाणी सीटपर्यंत. फोन मुलाने केला, पॉलिसी वडिलांची. नोट इतकीच: 'पुराचं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर गाडी चालू केली. गॅरेजला टो करायची आहे.' कंपनीने या मधल्या वाक्यावर इंजिन आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, दोन्ही नाकारले. तक्रार झाली, रेकॉर्डिंग काढलं गेलं. मुलगा म्हणत होता, "बाबांनी नुसतं बटण दाबून पाहिलं, लाइट लागतायत का." ब्रेकवर पाय नसेल तर ऑटोमॅटिकमध्ये बटण दाबून फक्त इग्निशन लागतं, इंजिन फिरत नाही. उघडलं तर चारही रॉड सरळ. इंजिनाचे पैसे मिळाले. ईसीयूवर वाद चालू राहिला, कारण ओल्या वायरिंगला इग्निशन दिलं हे तर खरंच होतं.

फोनवर दोनच प्रश्न विचारायचे होते. ब्रेकवर पाय होता का? इंजिनाचा आवाज आला का?

हेडफोनवाला

म्हणजे रेकॉर्डिंग होतंच ना! मग नोट लांब कशाला?

वर्ध्याची

रेकॉर्डिंग मला कोण ऐकवतं? मला येते तुझी नोट. रेकॉर्डिंग निघतं ते भांडण झाल्यावर, आणि तोवर गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात सडत असते. त्या ओल्या गाडीचे सीट, कार्पेट लगेच काढून वाळवले नाहीत तर पुढचं नुकसान वेगळंच.

नियमवाला

ताईंचं बरोबर आहे, पण मुद्दा निसटतोय. आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कागदपत्रांअभावी क्लेम नाकारताच येत नाही. म्हणजे 'मागितलेले कागद' हा रकानाच बाद. आणि फोन केल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर गाडीपाशी हवा, १५ दिवसांत पैसे. हे लिहायचं काय त्यात? कायदाच आहे.

वर्ध्याची

सर्क्युलर वाचलंय, पण अर्धंच.

२४ तास आहेत सर्व्हेअर नेमायला. गाडीपाशी पोचायला नव्हे. १५ दिवस आहेत रिपोर्टला, आणि रिपोर्ट मिळाल्यापासून ७ दिवसांत निर्णय. ग्राहक सगळं फोनच्या दिवसापासून मोजतो आणि त्याचा दोष नाही, कारण डेस्कवरून त्याला 'उद्या सर्व्हेअर येईल' असं सांगितलेलं असतं. नेमला जाईल आणि येईल यांतल्या फरकापायी मी किती शिव्या खाल्ल्यात ते विचारू नका.

कागदांचं म्हणाल तर क्लेमशी थेट संबंध असलेलेच मागायचे, असा त्याचा अर्थ. क्लेम फॉर्म लागतो, आरसी लागते, एस्टिमेट लागतं. पण उभ्या गाडीत पाणी शिरलं तर लायसन्स कशाला? तरी सवयीने मागतात. म्हणूनच नोटमध्ये 'नेहमीची कागदपत्रे सांगितली' असं न लिहिता एकेक नाव हवं. नाहीतर दर आठवड्याला एक नवा कागद निघतो आणि आधी मागितलाच नव्हता हे सिद्ध करायला ग्राहकापाशी काही नसतं.

नियमवाला

लायसन्सचा रकाना फॉर्ममध्येच छापलेला असतो, मग डेस्कवरच्याने न मागून कसं चालेल? बाकी २४ तासांचं मान्य. 'अलोकेशन' असाच शब्द आहे. एवढ्यासाठी 'अर्धंच वाचलंय' म्हणायची गरज नव्हती.

निवृत्त_सहकारनगर

आमच्या सौ.च्या मोतीबिंदूच्या वेळी कॅशलेसला दुपार गेली. हॉस्पिटलवाला म्हणे कंपनीकडून मेल नाही, कंपनी म्हणे हॉस्पिटलने कागद पाठवला नाही. फोन केला तर प्रत्येक वेळी नवी मुलगी आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची ना? तेव्हा कुठे होती तुमची नोट?

हेडफोनवाला

काका, इथे मोटर चाललंय.

निवृत्त_सहकारनगर

गाडी असो की डोळा, 'पहिल्यापासून सांगा' तेच ना?

वर्ध्याची

काकांचा मुद्दा धाग्याबाहेरचा नाही. दुसऱ्या फोनवाल्याला पहिल्या फोनची नोट वाचून पुढे बोलता आलं पाहिजे. 'ग्राहकाचा फोन, स्थिती सांगितली' अशा नोटा पाहिल्यात मी. कुठली स्थिती, काय सांगितलं, पत्ता नाही.

सर्व्हिस_बे

तुम्ही सगळे धरून चाललाय की फोन ग्राहक करतो. डीलर वर्कशॉपमध्ये ॲडव्हायझर आहे मी. आमच्याकडच्या बहुतेक क्लेमचे फोन आम्हीच लावतो. ग्राहक किल्ली देऊन ऑफिसला जातो. ओटीपी आला की सांगतो, संपलं.

वर्ध्याची

आणि संपर्क नंबर कुणाचा टाकता?

सर्व्हिस_बे

वर्कशॉपचा. ग्राहक मीटिंगमध्ये फोन उचलत नाही, सर्व्हेअर दोनदा लावतो आणि 'नो रिस्पॉन्स' टाकून मोकळा होतो. गाडी आमच्या बेमध्ये अडकते, तुमच्या नाही.

वर्ध्याची

म्हणूनच सर्व्हेअरचं नाव, मंजूर रक्कम, नाकारलेले पार्ट, सगळे मेसेज वर्कशॉपला जातात आणि ग्राहकाला बिल घेताना कळतं की त्याच्या खिशातून किती जातायत. आणि घटना कोण सांगतं? ॲडव्हायझर. प्रत्येक नोट एकसारखी: 'पार्किंगमध्ये अज्ञात वाहनाने धडक दिली.' पुढचा बंपर, मागचा दरवाजा, दोन्ही आरसे. ते अज्ञात वाहन चारी बाजूंनी फिरून गेलं म्हणायचं!

सर्व्हिस_बे

टोमणे नकोत. तीन वेगळे ओरखडे असले तर तुम्ही तीनदा हजार-हजार कापता, दीड हजार सीसीच्या वर दोन-दोन हजार. ग्राहकच म्हणतो, 'एकाच क्लेममध्ये बसव.' मी नाही म्हटलं तर तो शेजारच्या वर्कशॉपला जातो.

वर्ध्याची

वेगळ्या घटना, वेगळी कपात. मी लावलेली नाही, पॉलिसीतच आहे. मागच्या दारावरचा ओरखडा गंजलेला आणि बंपरचा ताजा, तर मी तो एक अपघात कसा मानू? मग मी वेगळं करते आणि ग्राहक म्हणतो, मी असं सांगितलंच नव्हतं. त्याने खरंच सांगितलेलं नसतं! तुम्ही सांगितलेलं असतं, आणि नोटमध्ये मात्र 'विमाधारकाने कळवले'.

हेडफोनवाला

खरं सांगू, कोण बोलतंय हे आम्ही विचारत नाही. पॉलिसी नंबर बरोबर आला की पुढे. ॲडव्हायझर पटापट बोलतात, कॉल लवकर संपतो.

सर्व्हिस_बे

बघा. आम्ही चोर, पण सोयीचे.

नियमवाला

चोर कुणी म्हटलं नाही. पण पॉलिसीची पहिली अट लेखी कळवायची आहे. फोन ही फक्त सुरुवात. लेखी क्लेम फॉर्मवर ग्राहकाची सही असते, तीच खरी.

वर्ध्याची

सही कोऱ्या फॉर्मवर घेतलेली असते. विचारा सर्व्हिस बे यांना.

सर्व्हिस_बे

मी घेत नाही. घेणारे आहेत, तेही मान्य करतो. पण एकदा बेमध्ये उभं राहून बघा. सर्व्हेअरने 'पार्ट खोलू नका, मी बघतो' म्हणायचं आणि यायचं दोन दिवसांनी. ग्राहक ओरडतो माझ्यावर.

वर्ध्याची

पावसात एका दिवशी किती गाड्या अंगावर येतात याची कल्पना आहे? तरी उशीर होतो, हे कबूल.

हेडफोनवाले, त्याच पुराच्या फाइलवर मला कशी नोट हवी होती ते लिहिते. वाचायला एक मिनिट लागत नाही.

'२५ जुलै, स. १०.४०. बोलणारे: विमाधारकाचा मुलगा. वडील शेजारी, त्यांच्याशीही बोललो. संपर्क वडिलांचा मोबाइल. गाडी रात्रीपासून पार्किंगमध्ये उभी. पाणी कधी शिरलं माहीत नाही, सकाळी ६ ला पाहिलं तेव्हा सीटपर्यंत. वडिलांचे शब्द: "नुसतं बटण दाबलं, लाइट लागतायत का बघायला." ब्रेकवर पाय नव्हता, इंजिनाचा आवाज आला नाही, असं म्हणतात. पुन्हा बटण दाबू नये, बॅटरीची वायर काढून घ्यावी, टो करूनच न्यावी असं सांगितलं. मागितलं: आरसी, क्लेम फॉर्म, गॅरेजचं एस्टिमेट, पाण्याची खूण दिसेल असे फोटो. पोलिसांचा कागद मागितला नाही. सर्व्हेअरची नेमणूक २६ जुलै स. १०.४० पर्यंत, नाव-नंबर वडिलांच्या मोबाइलवर. गाडी बघायला कधी येणार, हे सांगितलेलं नाही. नोट वाचून दाखवली, वडिलांनी हो म्हटलं.'

'असं म्हणतात' हे दोन शब्द मुद्दाम आहेत. खरं-खोटं ठरवायचं काम तुझं नाही. कोण म्हणालं आणि काय म्हणालं, एवढंच.

हेडफोनवाला

वाचून दाखवायचं? आमचा सरासरी कॉल टाइम बघितला की लीडर माझा गळा धरेल. फतवा काढणारा तोच आणि टाइम मोजणारा तोच.

नियमवाला

वाचून दाखवण्याऐवजी नोटच ग्राहकाला मेसेज करा.

वर्ध्याची

माझी ना नाही. पण कंपनीचा लीगल विभाग तयार होईल का, शंका आहे. मुदत लेखी गेली की ती पाळावी लागते.

हेडफोनवाला

बरं. ब्रेक आणि आवाज, हे दोन प्रश्न आजपासून विचारतो. 'कोण बोलतंय' तेही. शब्दशः वगैरेचं बघू, जुलै संपू दे. आणि ॲडव्हायझरचा फोन आला तर ग्राहकाला लाइनवर घ्या म्हणेन. सर्व्हिस बे, आधीच माफी.

सर्व्हिस_बे

घ्या की. सकाळी अकराला, तो लोकलमध्ये लटकलेला असताना. मग त्याने जे सांगितलं ते शब्दशः लिहा हं, गाळू नका.

निवृत्त_सहकारनगर

माझ्या त्या डिस्चार्जच्या दिवसाची नोट मागितली तर देतील का? कुणाला माहीत आहे का?