प्रतिसाद: ग्रुपच्या चिठ्ठ्यांचं काय करायचं

> जागा २०० आणि अर्ज १०००, लॉटरी काढणारच आहोत, पण मित्रमैत्रिणींना एकत्र बसायचं असेल तर एका अर्जात ४ जणांची नावं घ्यावीत का?

घ्या, पण एक नाव एकाच अर्जात आलं पाहिजे, इथेच बहुतेक लॉटऱ्या गंडतात. समजा चौघांनी प्रत्येकी चौघांसाठी वेगवेगळा अर्ज भरला, तर एकाचा जरी नंबर लागला तरी चौघं आत. एकट्याने अर्ज करणाऱ्याला साधारण २० टक्के चान्स असेल तर यांना जवळजवळ ५९ टक्के मिळतो, म्हणजे तिपटीच्या आसपास, आणि यात कुणी खोटं बोललेलंही नसतं, हे मला फार खटकतं. त्यामुळे सोडतीआधी नाव आणि मोबाईल नंबरवर यादी सॉर्ट करून डुप्लिकेट काढाच.

मग ग्रुपची एकच चिठ्ठी, एकट्याचीही एकच, आणि २०० भरले की थांबायचं नाही, सगळ्या चिठ्ठ्यांचा क्रम एकदाच लावून टाकायचा. पुढचे आपोआप वेटिंग लिस्टवर, कुणी रद्द केलं की त्याच क्रमाने खाली यायचं, नाहीतर तिथे ओळखीपाळखी सुरू होतात.

शेवटी १ जागा उरली आणि पुढची चिठ्ठी चौघांची निघाली तर? मी त्यांना आधी विचारेन, एकजण येतोय का, नाही म्हणाले तर पुढची चिठ्ठी. काहीही ठरवा, पण सोडतीआधी लिहून जाहीर करा, कारण नावं दिसल्यावर केलेला नियम कितीही बरोबर असला तरी कुणाला पटत नाही.