मदत हवी आहे: काळ्या मातीतलं घर, प्लिंथ प्रोटेक्शन किती रुंद आणि ढाळ किती?

अनघा_परभणी
परभणीच्या बाहेर आमचं तळमजल्याचं घर आहे, बाहेरून मोजलं तर ३० बाय ४० फूट. जमीन काळी, भारी. मे महिन्यात जोत्याला लागून माती सुटते आणि फटीत सहज हात जातो. पाया दगडी, साडेचार फूट खोल. वर प्लिंथ बीम आणि विटांच्या भिंती. बेडरूमच्या कोपऱ्यातल्या खिडकीपासून खाली एक तिरकी भेग गेली आहे. उन्हाळ्यात ती रुंदावते, श्रावणात जवळजवळ मिटते. लांबी भरून रंग दिला तरी पुढच्या उन्हाळ्यात परत उघडते.

मिस्त्री म्हणतात, घराभोवती दोन फुटांचा कोबा करू, भिंतीला वाटा मारून घट्ट चिकटवू, पाऊस लागायच्या आत उरकू. ढाळाचं विचारलं तर "देऊ थोडासा." दोन फूट पुरेल का? थोडासा म्हणजे किती? आणि कोब्याने भेग थांबेल का?

मुरूमवाला
ताई, सगळा घोळ काळ्या मातीचा आहे. भिंतीला लागून दोन-तीन फूट खोल चर खणा, काळी माती काढून टाका, वाळू आणि जाड मुरूम भरा, वरून पेव्हर ब्लॉक. पाणी झटकन खाली जिरतं, वर डबकं होत नाही. कोब्याला तडे जातात, ब्लॉक कधीही उचलून परत बसवता येतात.

रत्नांग्रीकर
आमच्याकडे पाया जांभ्यात, भेगांचा विषय नाही. पण पागोळ्यांचं पाणी पडून जोत्याच्या गिलाव्यावर गुडघाभर लाल शिंतोडे उडतात आणि भिंतीला ओल येते. तीन फुटांची फरशी केली, शिंतोडे गेले. ओल मात्र तशीच आहे. तुमची ओल किती उंच चढते?

निवृत्त_ओव्हरसियर
रत्नांग्रीकर, अनघाताईंचा प्रश्न ओलीचा नाही, माती हलण्याचा आहे. तुमची ओल जोत्यावरचा ओलरोधक थर नसल्यामुळे किंवा तुटल्यामुळे चढत असावी. बाहेरच्या फरशीने ती जाणार नाही.

ताई, भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसात मिटते, यातच निदान आहे. घराच्या मधोमध मातीवर ऊन नाही, पाऊस नाही, त्यामुळे तिथला ओलावा वर्षभर साधारण तोच राहतो. कडेची माती मात्र पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. कोपरा तर दोन बाजूंनी सुकतो, म्हणून तो सगळ्यात जास्त खचतो आणि भेग तिथल्या खिडकीतून जाते. कोब्याचं काम कोरड-ओलाव्याचा हा खेळ पायापासून दूर ढकलणं. पाणी अडवणं हा त्याचा अर्धाच भाग. उन्हाळ्यात पायाजवळची ओल उडू न देणं हा दुसरा अर्धा, आणि तुमच्या घरात तो जास्त महत्त्वाचा.

म्हणूनच दोन फूट कमी. कोब्याच्या बाहेरच्या कडेपासून माती आडवीही सुकत आत येते. दोन फुटांत ती सुकी माती पायाच्या बुडापर्यंत पोचणारच. मी काळ्या मातीत ठोकताळा असा धरतो: पाया जितका खोल, निदान तितकी रुंदी. तुम्हाला पाच फूट करा. कोपऱ्यांवर कंजूषी नको. पाच फुटांनी क्षेत्र भरतं ८०० चौरस फूट. तीन इंच जाडीला २०० घनफूट काँक्रीट, १:२:४ ला अंदाजे ३५ गोणी सिमेंट. खाली तीन इंच खडी धुमसून बसवायची, तिच्या पोकळ्या बारीक वाळूने भरायच्या.

ढाळ पाच फुटांत दोन इंच. कागदावर पन्नासास एक चालतो, पण तो पाच फुटांत सव्वा इंचसुद्धा होत नाही. गवंड्याची थापी आणि पुढे भरावाचं थोडं बसणं एवढ्यातच तो संपतो. तपासायला पाच फुटांची सरळ फळी भिंतीकडून बाहेर ठेवा, बाहेरच्या टोकाखाली दोन इंचांचा ठोकळा, वर पाणसळ. बुडबुडा मधे आला तर ढाळ बरोबर.

भिंतीला चिकटवायचा हट्ट मोडा. कोबा आणि घर वेगवेगळे हलतात. सिमेंटचा वाटा पहिल्या उन्हाळ्यातच सुटेल आणि त्या केसाएवढ्या फटीतून पाणी थेट पायाशी उतरेल. अर्धा इंच फट मुद्दाम ठेवा आणि डांबरी मसाल्याने भरा. कोब्यातही दर पाच-सहा फुटांवर अशीच जोडफट ठेवा. दर उन्हाळ्यात डांबर बघायचं, सुटलं असेल तिथे पुन्हा भरायचं.

मुरूमवाला, काळी माती काढा हे बरोबर, वाळू भरा हे चूक. चारी बाजूंनी काळी माती आणि मधे वाळूचा चर म्हणजे पायाला लागून विहीर. जिरलेलं पाणी जाणार कुठे? भरायचा तो चिकट पण न फुगणारा मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून धुमसून. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी काळ्या मातीसाठी सुचवलेला थर असाच, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा. ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी उतरतं, म्हणून इथे ब्लॉक नकोत.

मुरूमवाला
वाळूचं मान्य. पण ब्लॉकखाली जाड प्लास्टिक अंथरलं तर? आमच्या दोन घरांना तसंच केलंय, तक्रार नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
प्लास्टिकला ढाळ असेल, ते भिंतीवर वळवलेलं असेल आणि फाटलेलं नसेल तर चालेल. फाटलं की वरून कळत नाही, एवढीच अडचण.

अकोल्याची_सून
आमच्याकडे चार फुटांचा कोबा आहे, ढाळही चांगला, तरी एकाच कोपऱ्यात भेग यायची. तिथून बारा फुटांवर कडुलिंब. आणि न्हाणीच्या चेंबरचा सांधा गळत होता, ते वेगळंच. चेंबर दुरुस्त केल्यावर फरक पडला. झाडाचं काय करावं हे अजून ठरत नाही, सासऱ्यांनी लावलेलं आहे. अनघा, तुमच्या त्या कोपऱ्याजवळ काही आहे का?

अनघा_परभणी
झाड नाही, पण न्हाणीचं पाणी त्याच बाजूच्या उघड्या नालीत जातं. नाली भिंतीपासून तीन फुटांवर, म्हणजे पाच फुटांचा कोबा केला तर मधेच येते. आणि काका, मेमध्येच करावं ना? पावसाआधी झाकलं तर माती कोरडी राहील.

निवृत्त_ओव्हरसियर
नाली कोब्याच्या बाहेर सरकवा, पक्की करा, आणि तिचं पाणी आवाराबाहेर निघेल असा उतार द्या. नाहीतर कोबा पाच फुटांचा करून पाणी पुन्हा कडेलाच मुरवाल. हे काम कोब्याच्या आधी.

मे महिन्याला माझा विरोध आहे. आता माती पूर्ण आकसलेली आहे. ती तशी झाकली तरी खालून आणि बाजूने हळूहळू ओल येतेच, मग ती फुगून कोबा उचलते, आणि कधी कधी ढाळ उलटा भिंतीकडे होतो. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, माती ना चिखल ना ढेकूळ अशी असताना करा. तोवर सुटलेल्या फटीत मुरूम ठासून भरा म्हणजे पहिल्या पावसाचं पाणी सरळ खाली जाणार नाही.

मुरूमवाला
याला मी सहमत नाही. दिवाळीपर्यंत थांबलं की अख्खा पावसाळा पायाशी मुरणार. दोन वाईटांत मे बरा.

निवृत्त_ओव्हरसियर
आजवरचे पावसाळे मुरलेच आहेत, आणखी एक मुरला म्हणून घर पडत नाही. तरी मेमध्येच करायचं असेल तर ढाळ दोनऐवजी अडीच इंच ठेवा. ताई, भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून महिन्यातून एकदा अंतर लिहून ठेवा. कोबा झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात उघडण्याचा आकडा कमी आला पाहिजे. आला नाही तर पाण्याची गळती शोधावी लागेल, किंवा पायाच उथळ आहे, आणि त्याला कोब्याचा उपाय नाही.

अनघा_परभणी
खुणा आजच करते. मिस्त्रींना पाच फूट सांगितलं तर ते म्हणाले, "एवढा कोबा शाळेला करतात." नालीचं काम आधी काढते. अकोल्याची_सून, चेंबर गळतं हे तुम्हाला कळलं कसं?

अकोल्याची_सून
खालचं तोंड कापडाचा बोळा घालून बंद केलं, चेंबर भरलं आणि रात्रभर पाणी वापरलं नाही. सकाळी पातळी चार बोटं उतरली होती.