गर्दीत कॅरिअर एग्रीगेशनचा फायदा नक्की कोणाला?

वाडीतला_पोरगा (गुहागर साइड)
गणपतीत चाकरमानी आले की आरतीनंतर आमच्याकडे व्हिडिओ कॉल लागत नाही. फोनवर 4G+ येतं, टॉवरवर नवे अँटेना पण चढवलेत. माझं स्पष्ट मत, कॅरिअर एग्रीगेशन, म्हणजे वेगवेगळ्या बँडचा स्पेक्ट्रम जोडून एका फोनला देणं, आणि चार अँटेना हे जाहिरातीतला आकडा फुगवायला आहे, गर्दीत त्याचा शून्य उपयोग. कोणाला पटत नसेल तर सांगा.

सुपारीवाला
शंभर टक्के पटतं. मुंबई-गोवा हायवे चार लेनचा केला म्हणून गणपतीच्या आदल्या रात्रीचा ट्रॅफिक संपला का? गाड्या वाढल्या की लेन भरतात. कंपनीकडे स्पेक्ट्रम जेवढा आहे तेवढाच राहणार, तो जोडून एका फोनला दिला तर दुसऱ्याचा कमी होणार, एवढं साधं आहे.

माळावरचा_रिगर
अर्धं बरोबर बोललात. स्पेक्ट्रम वाढत नाही हे खरं, पण गर्दीत तो सगळीकडे सारखा भरलेला असतो हे तुम्ही धरून चाललाय आणि तिथेच गडबड आहे. मी टॉवरच्या कामात बरीच वर्षं आहे, डोंगराआडच्या साइटवर काय होतं ते सांगतो.

समजा टॉवरच्या एका बाजूला तीन कॅरिअर म्हणजे फ्रिक्वेन्सीचे तीन पट्टे आहेत, 850 मेगाहर्ट्झच्या बँडवर 5 मेगाहर्ट्झ रुंदीचा, 1800 वर 10 आणि 2300 वर 20. कागदावर दोन अँटेनांच्या हिशोबाने पहिल्याचे 37 एमबीपीएस, दुसऱ्याचे 75 आणि तिसऱ्याचे शंभरच्या आसपास होतात, पण ते टॉवरखाली एकटा फोन घेऊन बसलात तर. प्रत्यक्षात निम्मे फोन घरात, चिऱ्याच्या भिंतीमागे, माडांमागे, मग सरासरीने 850 वर 8, 1800 वर 17 आणि 2300 वर 25 धरा. झाले 50. एकाच वेळी 50 जण ओढत असतील तर प्रत्येकी एक, इथपर्यंत सुपारीवाले बरोबर.

पण कॅरिअर जोडलेले नसतील तर हे 50 जण तीन ठिकाणी सारखे वाटले जात नाहीत. 850 लांब जातं, भिंतीतून आत शिरतं, त्यामुळे लांबचे आणि घरातले सगळे तिथे गोळा होतात. 30 फोन त्या 8 मध्ये आणि 2300 वर पाचच जण 25 घेऊन बसलेत, असं मी स्वतः स्क्रीनवर बघितलंय. जोडणी चालू असली की फोनला जे जे कॅरिअर मिळतात त्या सगळ्यांतून तो एकदम ओढतो, रिकामं पडलेलं 2300 वापरात येतं, त्याचं रील पटकन उतरतं आणि तो बाजूला होतो. आपला वापर असाच तर असतो, दोन सेकंद ओढायचं नि वीस सेकंद बघायचं. तेव्हा फायदा आहे, फक्त सगळे कॅरिअर खरोखरच तुडुंब भरले की तो संपतो.

देवबागकर
माका ह्या अँटेना-बिंटेना काय कळना नाय. आमच्याकडे लाईट गेली की टॉवरच झोपता, मगे कसली एग्रीगेशन नि काय. आणि घरात कॉल कट होता, त्याका 4G+ काय करतला?

माळावरचा_रिगर
काय करूचा नाय. कॉलला लागतो जेमतेम डेटा, तो एकाच कॅरिअरवरून जातो. घरात कट होत असेल तर सिग्नलचा प्रॉब्लेम, आणि टॉवर झोपतो तो बॅटरीचा. दोन्ही वेगळे विषय आहेत.

खाडीपलीकडे
रिगरभाऊंचं गणित मला गोंडस वाटतंय, कारण त्यात आमच्यासारखे लोक नाहीत. आमचं घर डोंगराच्या पलीकडे, 2300 पोचतच नाही, 1800 कधीमधी. आमच्याकडे 850 सोडून दुसरं आहेच काय? आणि आता टॉवरजवळच्या माणसाला तिन्ही कॅरिअर जोडून दिले म्हणजे तो आमच्या 850 मध्ये पण हात घालणार. आधी निदान 2300 वाला 2300 वर राहायचा. मग गर्दीत आमचं नुकसानच झालं ना?

माळावरचा_रिगर
हा मुद्दा खरा आहे आणि सगळे इंजिनिअर यावर एकमत आहेत असंही नाही. टॉवरमधलं शेड्यूलर दर मिलिसेकंदाला ठरवतं की पुढचा तुकडा कोणाला. त्याने तिन्ही कॅरिअरचा एकत्र हिशोब ठेवला तर जवळच्याला 2300 वरून भरपूर मिळालंय हे त्याला दिसतं आणि 850 वर तो आपोआप मागे पडतो, तुम्ही पुढे येता. हिशोब प्रत्येक कॅरिअरचा वेगळा असेल तर मात्र तुम्ही म्हणता तेच होतं. कुठल्या साइटला काय सेटिंग आहे ते बाहेरून कळत नाही.

होमस्टे_वेळणेश्वर
एवढं कशाला, 5जी आलं ना. नवीन पॅनलमध्ये म्हणे 64 अँटेना असतात, प्रत्येकाला वेगळा झोत. आमच्याकडे गेस्टना किनाऱ्यावर फुल्ल रेंज. हळूहळू सगळीकडे तेच बसवतील, मग हा वादच मिटला.

माळावरचा_रिगर
अँटेनांचा खेळ एग्रीगेशनपेक्षा दमदार आहे हे मान्य, कारण तिथे तीच फ्रिक्वेन्सी त्याच क्षणी दोघा-तिघांना वेगवेगळ्या दिशेने देता येते, म्हणजे खरोखर जास्त डेटा निघतो. पण दिशा वेगळी पाहिजे. विसर्जनाला सगळा गाव एकाच पाखाडीने खाली उतरून एकाच घाटावर उभा, टॉवरवरून बघितलं तर सगळे एकाच रेषेत, मग झोत वेगळे पडत नाहीत. शिवाय कोण कुठे आहे हे टॉवरला फोनच्या उलट्या सिग्नलवरून कळतं, घरातल्या फोनचा तो सिग्नल क्षीण असला की झोत नीट बसत नाही.

किनाऱ्याचं तर उलटंच आहे. चार अँटेनांवरून चार वेगळे प्रवाह पाठवायचे तर सिग्नल भिंती, टेकड्या यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी यायला लागतो. मोकळ्या पुळणीवर टॉवर समोर दिसतोय म्हणजे एकच सरळ वाट, तिथे एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन ध्रुवीकरणांवर बहुतेक दोनच प्रवाह निभतात. रेंज फुल्ल आणि स्पीड मात्र निम्मा.

सुपारीवाला
म्हणजे चार अँटेनाचा महाग फोन घेऊन पण उपयोग नाही. मी म्हटलं तेच झालं.

माळावरचा_रिगर
नाही हो. खाडीपलीकडेंसारख्यांना तर जास्त उपयोग. चार प्रवाह नाही आले तरी चार अँटेना मिळून तोच क्षीण सिग्नल जास्त चांगला पकडतात, दोनच्या मानाने दुप्पटीपर्यंत. सिग्नल स्वच्छ मिळाला की तेवढाच डेटा टॉवर कमी वेळात पाठवतो, उरलेला वेळ शेजाऱ्याला. फक्त फोनला त्या बँडवर चार अँटेना पाहिजेत, आणि 850 वर बहुतेक फोनना दोनच असतात, ही गोम आहे.

धागा काढणाऱ्याने एक करावं. नेटमॉन्स्टर ॲप टाकून रात्री उशिरा आणि आरतीनंतर, घरात एकाच जागी बसून बघा. RSRP म्हणजे सिग्नलची ताकद, ती तीच राहिली आणि RSRQ म्हणजे सिग्नलचा दर्जा व स्पीड पडला तर गर्दी. RSRP च पडत असेल तर गर्दीला दोष देऊ नका. आणि डाउनलोड चालू असताना किती बँड दिसतात ते बघा, नुसत्या 4G+ च्या चिन्हावर जाऊ नका, काही फोन ते एग्रीगेशन चालू नसतानाही दाखवतात.

वाडीतला_पोरगा
बघितलं. RSRP दोन्ही वेळा -113 च्या आसपास. रात्री 12 एमबीपीएस, आरतीनंतर 0.4. बँड दोन्ही वेळा फक्त 5 दिसतोय, दुसरा जोडलेलाच नाही, आणि चिन्ह मात्र 4G+ चं.

खाडीपलीकडे
बँड 5 म्हणजे 850च. या आमच्या पंगतीला. जवळच्यांनी ओढून घेतलं.

माळावरचा_रिगर
इतक्यात जवळच्यांवर नको. बऱ्याच आडगावच्या टॉवरना मागून फायबर नसते, डोंगरावरून डोंगरावर मायक्रोवेव्हची लिंक असते. ती भरली तर कुठल्याच बँडवर काही मिळत नाही. आरतीच्या वेळी कोणालातरी टॉवरखाली उभं करा. त्याला तीन बँड जोडलेले दिसूनही स्पीड रडतच असेल तर संशय मागच्या लिंकवर. त्याला वीस-तीस मिळत असतील तर खाडीपलीकडे म्हणतात ते खरं असू शकतं.

वाडीतला_पोरगा
टॉवरखालच्या घरात आमचा मावसभाऊ आहे, पण तो आरतीला आमच्याकडे असतो. उद्या त्याच्या बायकोला सांगतो.