नोकरदार मुलींच्या वसतिगृहाला नाव काय द्यावं? 'माहेर' चालेल का?

गारखेडेकर: छत्रपती संभाजीनगरात, गारखेडा भागात, आमच्या दुमजली घरात नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह सुरू करायलोय. 28 जणींची सोय आहे. मुली बहुतेक बीड, परभणी, जालना जिल्ह्यांतल्या येतील. कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत, कुणी शेंद्रा-वाळूजच्या कंपनीत. आई-वडलांना नाव ऐकूनच भरवसा वाटला पाहिजे. तीन नावं मनात आहेत: 'माहेर', 'निर्भया निवास' आणि 'पिंक नेस्ट'. कोणतं ठेवू?

औसा रोडची काकू: 'निर्भया' आजच खोडून टाका. 2012 पासून ते नाव कानावर पडलं की आधी दिल्लीची बसच आठवते. लेकीला परगावी ठेवायला निघालेल्या आईला दारातच तिची भीती दाखवायची का? 'सुरक्षा', 'कवच', 'रक्षक' यांचंही तेच. इतकं सांगावं लागतंय म्हणजे इथं काही तरी घडत असणार, असा उलटा अर्थ लागतो.

दुसरा खड्डा म्हणजे 'आधार', 'आश्रय', 'निवारा' असली नावं. ऐकायला मायाळू, पण ती संकटातल्या बायकांच्या संस्थांना चिकटलेली आहेत. सरकारचं 'स्वाधार गृह' होतंच. बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीचा बाप गावात 'लेक आश्रयमध्ये आहे' असं सांगणार नाही. पारावरचा पुढचा प्रश्न त्याला माहीत असतो: का हो, काय झालं?

मी लातुरात बरीच वर्षं मुली ठेवते. माझी कसोटी एकच. बाप नातेवाइकाला फोनवर सांगतोय असं समजा: 'लेक कुठं राहायली?' 'अमुकमध्ये.' एवढ्यावर बोलणं पुढच्या विषयावर गेलं पाहिजे. समोरचा 'म्हंजे काय ते?' म्हणाला की नाव नापास. 'पिंक नेस्ट' तिथंच पडतं, ते ब्यूटी पार्लर वाटतं.

रात्रपाळी: मी स्टाफ नर्स, वय 33. काकूंचं बाकी पटतं, पण 'माहेर'ला माझा ठाम विरोध आहे. माहेर म्हटलं की रात्री साडेनऊला दार बंद, 'कुणाचा फोन होता गं' आणि सुट्टीत गावी का गेली नाहीस, हे सगळं आपोआप येतं. माझी ड्यूटी रात्री आठला सुरू होते नि सकाळी संपते. पाटीवर 'माहेर' लिहिणारा मालक ते नियमात उतरवतोच, दोन ठिकाणी भोगलंय. शिवाय आमच्यातली एक घटस्फोटित होती. तिला रोज त्या पाटीखालून जायचं जिवावर यायचं. भाडं मी भरते. नाव माझ्या बापाला आवडावं म्हणून का ठेवायचं?

औसा रोडची काकू: भाडं तू भरतेस, खरंय. पण पहिल्या नोकरीला लागलेल्या बाविशीतल्या पोरीची अनामत अजून बापच भरतो, आणि घर बघायला टमटम करून मामासुद्धा येतो. तुझ्या वयाच्या बायका नाव बघतच नाहीत, पाणी किती वेळ येतं ते विचारतात. मग ज्याला नावाने फरक पडतो, त्याच्यासाठीच ठेवावं ना? नियमांची गोष्ट वेगळी. ते पाटीवर नाही, आत ठरतात. 'माहेर' मला दुसऱ्या कारणानं नको. मेळघाटासारख्या दुर्गम भागात आरोग्य केंद्राजवळ गरोदर बायांची सोय असते, तिला 'माहेरघर'च म्हणतात. दवाखान्याजवळ राहणाऱ्या मुलीच्या बाबतीत उगीच गोंधळ नको.

तहसीलवाले: एवढा विचार कशाला? 'सखी निवास' ठेवा. सरकारी नाव आहे, लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात.

औसा रोडची काकू: सरकारी आहे म्हणूनच नको. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची जुनी योजना 'मिशन शक्ती'त आली, तेव्हा तिला 'सखी निवास' हे नाव दिलं. खाजगी घरावर ते लावलं की पालक सरकारी दर विचारतात. तो नाही म्हटलं की तुम्हीच खोटारडे. वर पीडित महिलांना मदत करणाऱ्या वन स्टॉप सेंटरलाही सरकार 'सखी'च म्हणतं. म्हणजे पुन्हा तोच पारावरचा प्रश्न. लोक सरकारी नावावर विश्वास ठेवतात, एवढं मात्र तुमचं बरोबर.

जिंतूरकर: नाव काही ठेवा हो. माझ्या लेकीला जून महिन्यापासून जागा पाहिजे, जेवण धरून किती पडेल? मागच्या वेळी एका 'साई' नावाच्या ठिकाणी बोलणी करून आलो, तर रिक्षावाल्यानं दुसऱ्याच साईसमोर उतरवलं. तिथं मुलांची खोली होती, खिडकीत बनियन वाळत घातलेलं. लेकीची आई खाली उतरायलाच तयार नव्हती. वॉर्डन बाई आहे का, ते पण सांगा.

रात्रपाळी: जिंतूरकर काका, तुम्ही भाव विचारताय, पण या धाग्यातली सर्वांत कामाची गोष्ट तुम्हीच सांगितलीत. साई, गणेश, स्वामी समर्थ ही नावं प्रत्येक गल्लीत आहेत. रात्री दहाला बसस्टँडवरून एकटीनं रिक्षा केली, तर नाव एकदाच सांगून चालकाला कळलं पाहिजे. नकाशावर शोधलं तर एकच ठिकाण दिसलं पाहिजे. नावातली सुरक्षा ती हीच, बाकी सजावट.

पैठणकर: मग आपल्याच मातीतलं घ्या. मुक्ताई पैठणजवळच्या आपेगावची, जनाबाई गंगाखेडची. 'मुक्ताई निवास' किंवा 'जनाई निवास'. गंगाखेडच्या बापाला सांगावंच लागणार नाही. देवीचं नाव नको. तुळजाई, योगेश्वरी मंगल कार्यालयांना आणि ज्वेलर्सना आधीच लागलेली असतात.

कन्नडचा विनय: जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी का नकोत? सगळ्यांना माहीत आहेत.

पैठणकर: माहीत आहेत, पण पाटीवर आल्या की अर्धी गल्ली मालकाची जात हुडकायला लागते. वाईट वाटतं, पण हे होतं. शिवाय सावित्रीबाईंच्या नावानं विद्यार्थिनींची सरकारी वसतिगृहं आहेतच, पुन्हा घोळ. संतांच्या नावाला हा त्रास कमी, अजिबात नाही असं मात्र म्हणवत नाही.

रात्रपाळी: 'जनाई' ऐकायला बरं आहे. पण जनाबाई नामदेवांच्या घरची दासी होती, आयुष्यभर दळण-कांडण केलं. दिवसभर राबून आलेल्या बाईला हे नाव? 'मुक्ताई' त्यापेक्षा मोकळं वाटतं.

औसा रोडची काकू: तिचे अभंग ऐकलेला माणूस असा विचार करत नाही गं. पण मुद्दा राहू दे, मी त्यात पडत नाही. एक सांगते: नावाच्या खाली 'नोकरदार महिलांचे वसतिगृह' पूर्ण लिहा. नुसतं 'लेडीज हॉस्टेल' लिहिलं की कॉलेजच्या पोरी विचारायला येतात, आणि त्यांच्यामागे गाडीवरची पोरं. त्या ओळीतली अक्षरं नावाच्या निम्मी तरी ठेवा, नाहीतर बाप वाचतच नाही. त्याखाली घर चालवणाऱ्या बाईचं आडनाव. आमच्याकडं शेवटी लोक 'काकूंकडं आहे' असंच सांगतात, पाटीवर काही का असेना.

गारखेडेकर: 'निर्भया' आणि 'पिंक नेस्ट' गेले. 'माहेर'वर बायको अजून अडून बसलीय, आता 'माहेरघर'चं तिला सांगून बघतो. नकाशावर शोधलं तर गारखेड्यात 'मुक्ताई' नावाचं एक किराणा दुकान निघालं, 'जनाई' कुणाचंच नाही. आडनाव बायकोचं टाकू की आईचं? घरात दिवसभर आई असते, पण करार बायकोच्या नावावर होणार. जिंतूरकर काका, वॉर्डन बाईच आहे, भाव निरोपात पाठवतो.

औसा रोडची काकू: दार जी उघडणार, तिचं.

रात्रपाळी: करारावर सही जिची, तिचं. अनामत अडकली की आम्हाला तीच गाठावी लागते.