सीए, सीएमए की सीएस? बडोदेकरांनो, अनुभव लिहा

भाची बारावी कॉमर्स झाली. क्लासवाले म्हणतात तिन्ही एकदम करा, मामा म्हणतात सीएच कर. अभ्यास किती, खर्च किती, इथे बडोद्यात नोकरी मिळते का, जे खरं घडलं तेच लिहा प्लीज.

दांडियाबझारकर: मी सीए. तिन्ही एकदम अजिबात नको. लोक पेपर मोजतात, पण मुलं अडकतात अ‍ॅग्रीगेटला. इंटरला एका ग्रुपचे तीन पेपर, प्रत्येकात 40 हवेत आणि तिन्ही मिळून 150. माझ्या पुतणीला 62, 41, 44 आले, बेरीज 147, म्हणजे सगळ्या पेपरात पास आणि ग्रुपमध्ये नापास! फक्त 60च्या वर गेला म्हणून त्या एका पेपरची एक्झम्प्शन मिळाली, ती पुढचे तीन अटेम्प्ट चालते, ते 62 बेरजेत धरतात, म्हणजे उरलेल्या दोनात 88 आणले की सुटली. दोन्ही ग्रुप निघेपर्यंत आर्टिकलशिप सुरू होत नाही, ती आता 2 वर्षांची. इंटरच्या दोन्ही ग्रुपची नोंदणी 18,000, पण खरा खर्च क्लास आणि हे लांबलेले महिने.

मांडवीची मुलगी: सीएस सोपं, ट्रेनिंग वगैरे नसतं. आणि 10 कोटी टर्नओव्हर झाला की कंपनीला सीएस ठेवावाच लागतो, मग नोकरीच नोकरी.

रावपुरा सीएस: ताई, ट्रेनिंग 21 महिन्यांचं आहे, मी केलंय. आणि 10 कोटी टर्नओव्हर नव्हे हो, पेडअप कॅपिटल. मकरपुरा जीआयडीसीत टर्नओव्हर भरपूर असलेली पण कॅपिटल लाखांतच ठेवलेली युनिट्स बघितलीत का? त्यांना कायद्याने सीएस लागत नाही, आणि पार्टनरशिप फर्मचा तर प्रश्नच नाही. लिस्टेड कंपनीत मात्र आम्ही लागतोच. मला स्वतःला सुरुवातीला मुंबईला जावं लागलं.

फार्मावाला: मी सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट, औषध कंपनीत, आणि पगार सीएइतकाच मिळतो. इंटरला 8 पेपर, फायनलला 8, ट्रेनिंग 15 महिने. औषधांत एकूण टर्नओव्हर 50 कोटी आणि त्या मालाचा 25 कोटी झाला की कॉस्ट ऑडिट लागतं, आणि ते कॉस्ट अकाउंटंटच करतो. आमच्याकडे एका बॅचला यील्ड कमी आली तर गोळीमागे किती पैसे वाढले हे मला काढावं लागतं, प्लांटवाल्यांशी भांडून. टॅक्स ऑडिटची सही मात्र सीएचीच, म्हणून स्वतःचं ऑफिस टाकायचं असेल तर सीए बरं. लग्नाच्या बाजारात सीएमए काय ते दरवेळी समजवावं लागतं, ते वेगळंच 😀

गोत्री_काका: माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनियर आहे, त्याला सीएमए चालेल का?

फार्मावाला: काका, चालेल, ग्रॅज्युएटला फाउंडेशन द्यावी लागत नाही. मशीन अवर रेट त्याला आमच्यापेक्षा लवकर कळेल.

दांडियाबझारकर: फार्मावाले, नोकरीत सीएमएला सीएइतका पगार मिळतो हे मला अजून पटत नाही. बडोद्यात तरी नाही.

फार्मावाला: प्लांटमध्ये या, मग बोलू.