बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन रखडले आणि जॉइनिंग पुढे गेले : आपले अनुभव लिहा

मृण्मयी
मिहानमधील एका कंपनीचे ऑफर लेटर हातात आहे आणि नोटीस पिरियड पूर्ण करून मी आधीच्या नोकरीतून मुक्तही झाले आहे. मात्र व्हेरिफिकेशन अपूर्ण असल्याचे सांगून जॉइनिंगची तारीख दोनदा पुढे ढकलण्यात आली. एचआरकडे विचारणा केली की ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच उत्तर मिळते. ज्यांनी अशा वेळी पाठपुरावा करून काम पुढे सरकवले, त्यांनी नेमके काय विचारले आणि काय पाठवले ते कृपया लिहावे.

वर्धारोडकर
मी स्वतः एचआरमध्ये काम करतो. बहुतेक कंपन्यांत ही तपासणी बाहेरची एजन्सी करते आणि तुमच्याशी बोलणाऱ्या रिक्रूटरला तिची माहिती मागितल्याशिवाय मिळतेच असे नाही. शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, पत्ता, न्यायालयीन नोंदी अशा प्रत्येक भागाची स्थिती वेगळी असते, म्हणून ‘कधी होईल’ असे विचारून उपयोग होत नाही. कोणता भाग अडला आहे आणि तो तुमच्या कागदासाठी थांबला आहे, समोरच्या संस्थेच्या उत्तरासाठी थांबला आहे, की त्यात तफावत आढळली आहे, हे विचारा. मेल साधारण असा असावा :

“माझे जॉइनिंग अमुक तारखेला ठरले आहे. व्हेरिफिकेशनमधील कोणता भाग प्रलंबित आहे आणि तो कोणाकडून अपेक्षित आहे, हे कृपया कळवावे. माझ्याकडून एखादे कागदपत्र हवे असल्यास मी ते आजच पाठवते. तारीख बदलणार असल्यास नवी तारीख लेखी कळवावी.”

हा मेल ऑफरच्या मूळ मेलवरच उत्तर म्हणून पाठवावा, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका ठिकाणी राहतो.

गायत्रीनगर
माझे प्रकरण आधीच्या कंपनीपाशी अडले होते. माझी पहिली नोकरी येथील एका लहान फर्ममध्ये होती आणि ती फर्म पुढे बंद पडली. एजन्सीचे मेल परत येत होते. त्यात भर म्हणजे फर्मने माझ्या पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कधी भरलीच नव्हती, त्यामुळे दुसरी नोकरी सुरू झाल्यानंतरही पहिली चालूच असल्याचे नोंदीत दिसत होते आणि एजन्सीने दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्याचा शेरा मारला. वर लिहिला आहे तसाच प्रश्न विचारल्यावर मला हे कळले, तोवर सगळे ‘प्रोसेसमध्ये’च होते. मग ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर `Manage` मधील `Mark Exit` वापरून मी ती तारीख स्वतः भरली. रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६ आणि पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट जोडून, फर्म बंद असल्याचे एका परिच्छेदात लिहून एचआरला पाठवले. एजन्सीने तो पुरावा पर्याय म्हणून स्वीकारला.

प्रतापनगरचा
हे उत्तम आहे. म्हणजे राजीनामा मंजूर झाला त्याच दिवशी आपण ही तारीख भरून टाकावी, पुढचा त्रासच वाचेल.

गायत्रीनगर
तसे करता येत नाही. त्या कंपनीचा शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिने गेल्याशिवाय पोर्टल ही नोंद घेत नाही, आणि तारीखही शेवटचा पीएफ ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली द्यावी लागते. शिवाय ती तारीख रिलीव्हिंग लेटरशी ताडून मगच भरावी. मृण्मयीताई, तुमची ताजी नोकरी असेल तर तेथील एचआरलाच तारीख भरायला सांगावे लागेल.

महालातले काका
आमच्या मुलीच्या पासपोर्टच्या वेळीही असेच रखडले होते. पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष जाऊन विचारल्यावर काम झाले. तुम्हीही तेथे चौकशी करावी.

वर्धारोडकर
काका, ती पासपोर्टसाठीची पोलीस पडताळणी असते. खासगी नोकरीत एजन्सी सहसा न्यायालयीन नोंदी तपासते. कंपनीने पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र स्वतंत्रपणे मागितले असेल तरच त्या बाजूने जावे लागेल.

मृण्मयी
सर्वांचे आभार. मेल पाठवला आणि आज उत्तर आले : शिक्षणाचा भाग विद्यापीठाच्या उत्तरासाठी थांबला आहे, बाकी सर्व पूर्ण आहे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी स्वतः जाऊन काही होईल का?

वर्धारोडकर
तुम्ही आणलेले पत्र एजन्सी सहसा धरत नाही, कारण उत्तर त्यांना थेट स्रोताकडून हवे असते. पण एजन्सीचा अर्ज व शुल्क विभागात पोहोचले आहे का, हे तुम्ही पाहू शकता. नसेल तर तसे एचआरला कळवा. सोबतच पदवी प्रमाणपत्र आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिका जोडून, शिक्षणाचा अहवाल नंतर येण्याच्या अटीवर रुजू करून घेण्याची लेखी विनंती करा. काही कंपन्या हमीपत्र घेऊन तसे करतात, काही अजिबात करत नाहीत.

प्रतापनगरचा
आणि मधल्या काळातल्या पगाराचे काय? तारीख कंपनीने पुढे ढकलली आहे.

वर्धारोडकर
ऑफर लेटरमध्ये ‘समाधानकारक पडताळणीच्या अधीन’ असे वाक्य बहुधा असते, आणि ते असल्यावर पगार मागणे कठीण जाते. मी तरी कोणाला तो मिळालेला पाहिलेला नाही. इतर कोणाला मिळाला असल्यास जरूर लिहावे.